नवीन बोअरला पाणी आहे, पण वाळू थांबत नाही. कॉम्प्रेसरने एअरलिफ्ट करून घ्यावं का? (उचगाव, कोल्हापूर)

उचगावकर
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात उचगावात घराच्या मागं बोअर मारलं. साडेसहा इंची, २२० फूट. वरची १० फूट काळी माती, मग ४५ फुटांपर्यंत मुरूम, खाली काळा पाषाण. केसिंग ५० फूट. ७० फुटांवर थोडी ओल लागली आणि १६५ फुटांवर चांगलं पाणी लागलं. गाडीवाल्यांनी वीसेक मिनिटं हवा मारली, "झालं साफ" म्हणाले आणि गेले. त्यांना रात्रीच दुसऱ्या गावात बोअर होतं.

आम्ही चार दिवसांनी दीड एचपीची सबमर्सिबल १९० फुटांवर सोडली. पहिले दोन दिवस राखेसारखं पाणी आलं, मग निवळलं. पण मोटर रोज चालू केली की पहिली पाच-सात मिनिटं गढूळ येतं आणि बादलीच्या तळाला चमचाभर वाळू बसते. दहाव्या दिवशी मोटर जाम झाली. मेकॅनिकनं उघडून दाखवली तर इम्पेलरच्या कडा झिजून धारदार झाल्यात.

आता एक जण म्हणतो गाडी परत बोलवा, एक जण म्हणतो विहिरीच्या कामाचा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर लावून एअरलिफ्ट करा, आणि सासरे म्हणतात नुसती मोटर चालू ठेवा, आपोआप साफ होतंय. कुणी स्वतः केलं असेल तर सांगा.

माळावरचा शेतकरी
सासऱ्यांचं बरोबर आहे. आमच्या बोअरला आठ दिवस रात्रंदिवस मोटर चालवली, नवव्या दिवशी काचेसारखं पाणी. पाणी उपसलं की गाळ जातोच. कॉम्प्रेसरला पैसे घालायची काही गरज नाही.

निखिल (सध्या पुणे)
आमच्या सोसायटीच्या बोअरला पण असंच होतं, पांढरा थर बसायचा भांड्यांना. सॉफ्टनर बसवला, प्रश्न सुटला. तुम्ही पण बघा.

उचगावकर
निखिल, तो क्षार वेगळा. माझ्याकडं बोटाला टोचणारी वाळू येते.

कॉम्प्रेसर मामा
उचगावकर, पैसे कुठं घालायचे ते नंतर. आधी दोन गोष्टी करा, त्याला खर्च शून्य.

पहिली: बादलीच्या तळाची वाळू पांढऱ्या ताटलीत घ्या, पाणी ओतून टाका आणि उन्हात धरून बघा. खडे काळे-करडे, कोनदार, नखानं न फुटणारे असतील तर ती हॅमरनं फोडलेल्या पाषाणाची भुकटी. ती बोअरमध्येच राहिलेली आहे, म्हणजे साफ करता येते. खडे पिवळे-तांबूस आणि दोन बोटांत चुरडणारे असतील तर तो मुरूम. तो वरून येतोय, केसिंगच्या बुडातून. मुरुमाला कितीही हवा मारा, बंद व्हायचा नाही. उलट जास्त पडेल.

दुसरी: मोटर बाहेर आहे तोवर सुतळीला जड नट बांधून बोअरची खोली मोजा. नट टेकला की सुतळी ढिली पडते, लगेच कळतं. पाण्याची पातळीही बघून ठेवा.

शेतकरी भाऊ, तुमचं अर्धं बरोबर. उपशानं गाळ जातो, पण पाणी एकाच दिशेनं आत येत राहतं. कपारीच्या तोंडाशी बारीक कण एकमेकांना टेकून कमान करतात आणि अडकून बसतात. पाणी स्वच्छ दिसायला लागतं, माणसाला वाटतं झालं. मोटर बंद केली की कॉलममधलं पाणी हलतं, पातळी वर चढते, कमान मोडते आणि पुढच्या वेळी चालू केली की पहिली पाच मिनिटं गढूळ. उचगावकरांचं हेच चाललंय. ती कमान मुद्दाम, पुन्हा पुन्हा मोडावी लागते. म्हणून पाणी थांबवायचं, मागं ढकलायचं, परत ओढायचं.

आणि हे काम नव्या मोटरीनं करायचं नाही. वाळू तीच खाणार.

माळावरचा शेतकरी
मामा, पण माझं साफ झालं ना!

कॉम्प्रेसर मामा
झालं असेल. तुमची कपार रुंद असेल, किंवा तुमच्या गाडीवाल्यानं नीट दोन तास हवा मारली असेल. आठ दिवसांत मोटर किती झिजली ते मात्र उघडल्याशिवाय कळत नाही. पाणी आधी किती फेकत होती आणि आता किती फेकते, ड्रम लावून बघा एकदा.

उचगावकर
मोजलं. पाणी ३८ फुटांवर. आणि नट १९६ फुटांवर टेकला!! म्हणजे २४ फूट गाळ भरलाय. आमची मोटर १९० ला होती, म्हणजे गाळाच्या सहा फूट वर.

ताटलीत बहुतेक काळे कोनदार कण. दहातला एखादा तांबूस, तो चुरडला. मधेमधे पांढरे चकाकणारे तुकडे पण आहेत, ते काय?

गडहिंग्लजकर
पांढरे म्हणजे आपल्या दगडातले भरलेले पोकळे, गारगोटीसारखे. कोल्हापूरच्या काळ्या पाषाणात असतातच, त्यांची काळजी करू नका. आमच्याकडं गडहिंग्लज-आजऱ्याच्या काही भागात मात्र काळ्या पाषाणाखाली वेगळाच वाळूचा खडक लागतो. तिथं हॅमरची भुकटी आणि खडकाची स्वतःची वाळू वेगळी ओळखणं अवघड जातं. मामांची ताटली तिथं फसेल.

कॉम्प्रेसर मामा
गडहिंग्लजकर, मान्य. ताटली काळ्या पाषाणापुरतीच.

उचगावकर, साडेसहा इंचाच्या बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहा लिटर मावतं. २४ फूट म्हणजे दीडशे लिटरच्या वर भुकटी तळाशी बसलीय. एवढं वीस मिनिटांत निघत नाही. पण बातमी चांगली आहे, बराचसा माल हॅमरचाच आहे.

आता कॉम्प्रेसरचं. गाडीचा कॉम्प्रेसर हजाराच्या वर सीएफएम हवा देतो, म्हणून तो अख्खं बोअर उचलतो. ट्रॅक्टरचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तेवढी हवा साडेसहा इंची बोअरमध्ये नुसती सोडली तर बुडबुडे वर येतील आणि पाणी जागेवर उकळल्यासारखं दिसेल. भुकटी तळाला तशीच. म्हणून आत तीन इंची कॉलम पाइप सोडायचा आणि त्याच्या पोटात एक इंची हवेचा पाइप. हवा तीन इंचीत मिसळली की आतलं पाणी हलकं होतं, बाहेरचं जड पाणी त्याला खालून वर ढकलतं. एअरलिफ्ट म्हणजे एवढंच.

दाबाचा हिशेब करा. पाण्यात बुडालेल्या प्रत्येक फुटाला ०.४३ पीएसआय लागतो. हवेच्या पाइपचं तोंड १८० फुटांवर ठेवलं, पाणी ३८ वर आहे, म्हणजे १४२ फूट बुडालेला. सुमारे ६१ पीएसआय. ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर १०० पर्यंत जातो, म्हणजे सुरू होईल. हेच बोअर ३५० फूट असतं आणि तळाशी हवा द्यायची असती तर ट्रॅक्टर सुरूच करू शकला नसता.

उपसा चालू असताना हवेच्या पाइपचा निम्मा तरी भाग पाण्यात राहिला पाहिजे. पातळी फार खाली गेली तर पाणी कमी आणि फवारा जास्त.

शिरोळची सई
मामांना एक विचारते, पण आधी आमची चूक सांगते म्हणजे कुणी परत करणार नाही.

आमचं शेत नदीकाठी. तिथं पाषाण नाही, वर सगळी गाळाची माती आणि खाली बारीक वाळू. ५५ फुटांचं बोअर, शेवटचे १५ फूट जाळीचा पाइप. जाळी म्हणजे काय, जागेवरच हॅकसॉनं पीव्हीसीला चिरा पाडलेल्या. भोवती बारीक खडी टाकली होती. वाळू थांबेना म्हणून बाबांनी आणि चुलत्यांनी टायरचं रबर कापून त्याच्या चकत्या लाकडात आवळल्या, गजाला बांधल्या आणि दट्ट्यासारखं वर-खाली केलं. कल्पना बरोबर होती असं नंतर कळलं. पण पहिल्याच दिवशी थेट चिरांच्या समोर, दोघांनी जोर लावून ओढलं. चिरा चिखलानं बुजलेल्या होत्या. आत पाणी येईना, दट्ट्या वर ओढला की खाली पोकळी, आणि पाइप चपटा झाला. दट्ट्या आतच अडकला. तो अजून तिथंच आहे.

माझा प्रश्न: अशा ठिकाणी झटके द्यायचेच नाहीत का?

कॉम्प्रेसर मामा
सई ताई, द्यायचे, पण क्रम असतो. आधी थोडं पाणी उपसून बघायचं, जाळीतून पाणी आत येतंय याची खात्री करायची. मग दट्ट्या जाळीच्या वर, साध्या पाइपात ठेवायचा आणि फूट-दोन फूट हळू हलवायचा. निघालेली वाळू उपसायची. परत. पाणी मोकळं यायला लागलं की खाली सरकायचं आणि मग जोर वाढवायचा. तुमच्याकडं जोर आधी लागला आणि वाट नंतर.

पण खरं दुखणं त्या चिरांचं. हॅकसॉची चीर एक मिलिमीटरच्या आसपास पडते, हात हलला की जास्तच. काठची वाळू त्याहून बारीक. झटक्यानं भोवती जाड कणांचा गाळणीसारखा थर तयार व्हायला हवा, पण चीर सगळंच आत सोडत असेल तर थर बसायचा कशाचा? तिथं वर्षभर एअरलिफ्ट केलं तरी वाळू येत राहणार आणि एक दिवस बाहेर पोकळी होऊन जमीन खचणार. नवीन करताना कारखान्यात कापलेल्या बारीक चिरांचा पाइप घ्या, आणि खडी वाळूच्या मापानं निवडा.

शिरोळची सई
आणि जुन्यात आतून चार इंची बारीक जाळीचा पाइप सोडला तर?

कॉम्प्रेसर मामा
दट्ट्या निघाला आणि पाइप फार चपटा नसेल तर जाईल. पाणी कमी होईल. किती, ते बघितल्याशिवाय सांगत नाही.

जयसिंगपूरचे काका
सई, गज पिळून वर घ्यायचा प्रयत्न करू नका, तुटेल. पाइपातच वरून पाणी भरून दट्ट्याखालची पोकळी मोडते का बघा. आमचा एकदा तसा निघाला होता.

आक्का
मी एवढंच सांगते, हवेचा पाइप वर नुसता हातात धरू नका. आमच्या गल्लीत एकाच्या हातातून सुटला, फिरला आणि शेजारच्या पोराच्या कपाळाला चार टाके पडले. दोरानं बांधा. पाइप उभे करताना वरच्या विजेच्या तारा बघा.

उचगावकर
आक्का, लक्षात ठेवलं. ट्रॅक्टरवाला रविवारी येतोय. मामा, झटके नेमके कसे द्यायचे?

कॉम्प्रेसर मामा
तीन इंचीचं तोंड सुरुवातीला गाळाच्या वर, १९० ला ठेवा. हवेचा पाइप त्याच्या आत, दहा फूट वर. वरती टी लावा म्हणजे पाणी एका बाजूला पडेल. कॉकनं हवा हळूहळू सोडा. पाणी निवळेपर्यंत उपसा. मग कॉक बंद करून पाइपातली हवा सोडून द्या. वर आलेलं पाणी धपकन खाली जातं, ते कपारीत मागं घुसतं. मिनिटभर थांबा, परत चालू. असे तीन-चार झटके, मग सलग उपसा.

याचा जोर कमी पडला तर हवेचा पाइप तीन इंचीच्या तोंडाच्या दोन-तीन फूट खाली सोडा आणि हवेचा एकच दणका द्या. अख्खं बोअर हलतं. लगेच पाइप वर ओढून उपसा. हे १६५ च्या कपारीजवळ चालेल. केसिंगच्या बुडाशी, ५० फुटांच्या आसपास, अजिबात नको.

तळ मोकळा होईल तसा कॉलम खाली सरकवत न्या. गाळात एकदम रुतवू नका, आत घट्ट भरतो.

प्रत्येक झटक्याचं पहिलं पाणी बाटलीत घ्या आणि वेळ लिहून ओळीनं ठेवा. डोळ्याला आठवत नाही, बाटलीला आठवतं.

गडहिंग्लजकर
मामा, एका गोष्टीवर माझं वेगळं मत आहे. कपारीसमोर थेट हवेचा दणका दिला की हवा कपारीत घुसून बसते आणि पाण्याची वाट अडवते. आम्ही कपारीसमोर हवा देतच नाही, तिच्या वीस फूट वरच ठेवतो.

कॉम्प्रेसर मामा
गाळाच्या जमिनीत, सईंच्याकडं, तुमचं शंभर टक्के बरोबर. तिथं हवा अडकते. पाषाणाच्या मोकळ्या कपारीत मला तसं फारसं दिसलं नाही. पण वीस फूट वर ठेवून काम होत असेल तर ठेवा, नुकसान काहीच नाही.

उचगावकर
रविवारची हकीकत.

सकाळी साडेआठला सुरुवात. कॉक उघडल्यावर काटा ६० च्या पुढं चढला, पोटात गोळा आला. मग एकदम घरंगळल्यासारखा आवाज झाला, टीमधून आधी हवा, मग करडं दाट पाणी, अगदी सिमेंटचं पातळ कालवण. काटा ३९ वर येऊन थांबला. २०० लिटरचा ड्रम भरायला २ मिनिटं ४० सेकंद.

पहिल्या पाऊण तासात निवळलं. भाऊ म्हणाला, "झालं की, बंद करा." मी कॉक बंद करून पहिला झटका दिला आणि परत चालू केलं तर पहिल्यापेक्षा दाट! भाऊ गप्प. दुपारी एकपर्यंत अकरा झटके झाले. पाचव्याला सगळ्यात जास्त भुकटी निघाली. ड्रमच्या तळाला हात घातला तर मनगटापर्यंत मऊ चिखल आणि त्याखाली वाळू. कॉलम हळूहळू २१४ पर्यंत गेला. हवेचा पाइप १८० लाच ठेवला.

चार वाजता सतरावा झटका. गढूळ फक्त वीस सेकंद, मग नितळ. भिंतीवर सतरा बाटल्या ओळीनं आहेत, शेजारची पोरं मोजून जातात. पहिल्या सहांच्या तळाला बोटभर वाळू, शेवटच्या तीनमध्ये कागद खाली धरला तर अक्षर वाचता येतं.

शेवटी काटा ४५ वर होता आणि ड्रम २ मिनिटं ५ सेकंदांत भरला. मामा, काटा का वाढला? कुठं अडकलं का?

कॉम्प्रेसर मामा
अडकलं नाही, कमावलंत! चालू उपशात काटा म्हणजे साधारण हवेच्या तोंडावर किती पाणी उभं आहे ते. ३९ म्हणजे ९० फूट, तोंड १८० वर, म्हणजे सकाळी पातळी ९० फुटांपर्यंत उतरत होती. ४५ म्हणजे १०४ फूट, म्हणजे पातळी ७६ वरच थांबली. सकाळी मिनिटाला ७५ लिटर काढताना ९० ला जात होती, आता ९५ च्या वर काढूनही ७६ ला. भुकटीनं बुजलेली कपार मोकळी झाली. घासामुळं आकडा थोडा इकडं-तिकडं असेल, पण दिशा पक्की.

माळावरचा शेतकरी
मामा, ड्रम लावला. मोटर नवीन असताना पावणेदोन मिनिटांत भरायचा, वहीत लिहिलेलं आहे. आता अडीच मिनिटं लागतात. पातळीपण मोजतो उद्या, पाणी खाली गेलंय की मोटर झिजलीय ते बघायला.

निखिल (सध्या पुणे)
आता कळलं मी कुठलं उत्तर दिलं होतं. मोटर परत कधी सोडणार?

उचगावकर
मोटर दुरुस्त होऊन आलीय. मामा, किती खाली सोडू? आणि वाळू किती चालते?

कॉम्प्रेसर मामा
कपारीच्या वर, १५० च्या आसपास. पातळी ७६ ला थांबते, भरपूर पाणी डोक्यावर राहतं, आणि राहिलेली वाळू तळाला बसायला जागा मिळते. मोटर कपारीच्या वर असली की थंड पाणी तिच्या अंगावरून जातं, तेही बरं. पहिले दोन दिवस व्हॉल्व्ह अर्धा ठेवून चालवा, रोज उघडझाप कमी. झटके मोटरनं द्यायचे नाहीत.

बऱ्याच सबमर्सिबलच्या माहितीपत्रकात घनमीटरला ५० ग्रॅमपर्यंत वाळू चालते असं असतं. म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला १० ग्रॅम. पण ती हद्द आहे, त्याच्या बऱ्याच आत राहा. चालू केल्यावर पहिला ड्रम घ्या, अर्धा तास थांबा, वरचं पाणी काढून तळ बघा.

उचगावकर
आज सहावा दिवस. पहिल्या ड्रमच्या तळाला चिमूटभर, नखावर मावेल एवढी. काळी. पण काल रात्री मोठा पाऊस झाला आणि आज सकाळी पहिलं मिनिटभर पाणी तांबूस आलं. वाळू नाही, नुसता रंग, आणि ग्लासात दोन तास ठेवला तरी बसला नाही.

गडहिंग्लजकर
बसत नाही म्हणजे ती माती, वाळू नव्हे. पावसाबरोबर आली म्हणजे वरून. केसिंग ५० फूट आणि मुरूम ४५ पर्यंत, म्हणजे पाषाणात पाचच फूट टेकलंय. बुडाची फट राहिली असेल.

कॉम्प्रेसर मामा
मलाही तेच वाटतंय. ताटलीत दहातला एक तांबूस होता, तो तेव्हाच सांगत होता. याला हवा मारून उपयोग नाही. आधी केसिंगभोवती वर दोन फूट खणून बघा, पागोळीचं पाणी तिथं मुरतंय का. मुरत असेल तर मातीचा चिखल ठोकून वर सिमेंटचा कट्टा करा. तेवढ्यानं थांबलं तर देव पावला. नाही थांबलं तर बुडाशी सील करावं लागेल, त्याला मोटर परत बाहेर.

उचगावकर
पागोळी बरोबर तिथंच पडतात. उद्या खणतो आणि पुढच्या पावसानंतर बाटलीचा रंग इथं लिहितो.